हिशेब जुळतो, निर्णय चुकतो : कपाळामागच्या मेंदूची दुखापत आणि बदललेला माणूस

अहमदपूरच्या मोंढ्यात पंचवीस वर्षे आडतीचा व्यवसाय करणारा एक व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. वय पंचेचाळीस. सोयाबीनच्या हंगामात रात्री उशिरा नांदेड रस्त्यावरून मोटारसायकलने परतताना त्याची गाडी घसरते आणि कपाळ रस्त्यावर आदळते. डोक्यावर हेल्मेट नसते. नांदेडच्या रुग्णालयात पंधरा दिवस काढून तो घरी येतो. हातपाय चालतात, जिभेला अडखळ नाही, नातेवाइकांची नावे आणि ग्राहकांचे भाव तोंडपाठ आहेत. सत्यनारायणाचा असो वा भक्तामराचा, ज्याच्या त्याच्या घरी पाठ होतो, पेढे वाटले जातात आणि सारे म्हणतात, ‘माणूस वाचला.’

तीन महिन्यांनी याच घरात वेगळेच बोलणे सुरू होते. शेठ सकाळी दहाला उठतात. शेतकऱ्यांनी भरलेल्या दुकानात एका ग्राहकाची उधारी मोठ्याने बोलून दाखवतात. शेजाऱ्याच्या घरी सांत्वनाला गेले असता विनोद करून हसतात. परगावच्या एका अनोळखी दलालाला, जामीन नाही की आगाऊ रक्कम नाही, ट्रकभर तूर उधारीवर पाठवून देतात. मुलाने विचारले तर सगळा हिशेब अचूक सांगतात, उधारीचे धोकेही स्वतःच समजावून देतात. पत्नीला वाटते, माणूस माजला. भावाला वाटते, अपघाताचे निमित्त करून जबाबदारी टाळतो. म्हातारी आई म्हणते, ‘कुणाची तरी दृष्ट लागली.’

हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही. डोक्याच्या दुखापतीनंतर वैद्यकीय ग्रंथांत वारंवार नोंदल्या गेलेल्या खुणा येथे एका आडत दुकानात एकत्र मांडल्या आहेत. परंतु प्रत्येक खूण खरी आहे, आणि तिचे कारण स्वभावात नसून कपाळाच्या हाडामागे दोन-तीन इंचांवर असते.

मार नेमका तेथेच का लागतो?

मेंदूच्या पुढच्या भागाला वैद्यकात फ्रंटल लोब म्हणतात. मोठ्या मेंदूचा जवळजवळ एक तृतीयांश भाग याने व्यापलेला असतो. त्याचा मागचा पट्टा हातापायांच्या हालचाली घडवतो. कपाळालगतच्या पुढच्या भागाला मात्र हालचाल, दृष्टी किंवा ऐकणे यांपैकी कोणतेही काम नसते. म्हणून तो दुखावला तरी माणूस लंगडत नाही, तोतरा बोलत नाही, आणि पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे कळत नाही.

मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आतील द्रवात तरंगत असतो. वेगात जाणारे डोके एकदम थांबले, की कवटी थांबते पण मेंदू क्षणभर पुढे सरकत राहतो. कवटीचा वरचा भाग आतून गुळगुळीत असतो. डोळ्यांच्या खोबण्यांवरचा भाग, ज्यावर हा पुढचा मेंदू टेकलेला असतो, तो खडबडीत व कंगोरेदार असतो. त्यावर मेंदूची खालची बाजू घासते आणि खरचटते. मार मागून बसला तरी अनेकदा जखम पुढेच होते, ती याच कारणाने.

याच ठिकाणी नाकाच्या वर एक पातळ, सच्छिद्र हाड असते. वास वाहून नेणारे बारीक मज्जातंतू त्या छिद्रांतून मेंदूत शिरतात. मेंदू हिसकला, की ते तुटतात. त्यामुळे अपघातानंतर ज्याला वास येत नाही, त्याच्या मेंदूच्या खालच्या पुढच्या भागालाही धक्का बसला असण्याची शंका घ्यावी लागते. ही खूण प्रथम स्वयंपाकघरात दिसते. दूध करपले तरी त्या माणसाच्या लक्षात येत नाही, हिंगाची फोडणी बसली की नाही ते सांगता येत नाही, आणि अन्न बेचव झाल्याची तक्रार तो रोज करतो. घरच्यांना ती रुग्णाची कुरकुर वाटते. डॉक्टरांच्या कानावर ती आवर्जून घालावी, कारण बाकी कोणतीही बाह्य खूण नसताना ती जखमेची जागा सुचवते. वास शाबूत असला म्हणून मेंदू शाबूत आहे, असे मात्र म्हणता येत नाही.

सुटलेला लगाम

कपाळामागच्या मेंदूचे पहिले काम आवरण्याचे आहे. मनात उठलेली प्रत्येक ऊर्मी कृतीत उतरत नाही, कारण ती उतरण्याआधी हा भाग तिला थोपवून धरतो. ग्राहकाने कमी भाव मागितला, की कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनात चिडीचा शब्द येतो. तो ओठांपर्यंत येऊन थांबतो आणि त्याच्या जागी ‘बसा, चहा घ्या’ असे शब्द निघतात. या अर्ध्या क्षणाच्या थांबण्यावर सारी बाजारपेठ उभी असते. डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदू जखमी झाला, की तो अर्धा क्षण नाहीसा होतो.

डॉक्टर हे एका साध्या चाचणीने पाहतात. ते टेबलावर एकदा टिचकी मारतात, तेव्हा रुग्णाने एकदा टिचकी मारायची. ते दोनदा मारतील, तेव्हा रुग्णाने हात स्थिर ठेवायचा. लगाम ढिला झालेला माणूस नियम नीट समजतो, विचारले तर तोंडाने बरोबर सांगतो, आणि दोन टिचक्या ऐकल्या की तरीही त्याचा हात उचलला जातो. चूक झाली हे तो स्वतःही पाहतो. पुढच्या वेळी हात पुन्हा उचलला जातो.

ही छोटी चाचणी त्या घरातील मोठ्या भांडणाचा उलगडा करते. सांत्वनाच्या बैठकीत हसू नये, हे शेठांना माहीत नाही असे नाही. विचारले तर ते बरोबर सांगतील. नियम ठाऊक असणे आणि तो नियम ऐन क्षणी कृतीला अडवू शकणे, ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. पहिले टिकून दुसरे गेले, तर माणूस जाणूनबुजून चुकतो आहे असे पाहणाऱ्याला वाटते. ‘इतके कळते, तरी असे वागतो,’ हे वाक्य अशा घरांत रोज उच्चारले जाते. त्या वाक्यातच या विकाराचे अचूक वर्णन आलेले असते.

काही जखमांत याच्या उलट घडते. दोन्ही गोलार्धांच्या मधोमध, समोरासमोर असलेला भाग दुखावला, तर ऊर्मीच उठत नाही. माणूस तासन्‌तास गादीवर बसून राहतो. कोणी जेवायला बसवले तर जेवतो, दुकानात नेले तर जातो, पण आपणहून काही सुरू करत नाही. दुःख झाले आहे असे तो म्हणत नाही, रडतही नाही. याला घरचे लोक आळस म्हणतात. नैराश्याशीही त्याची गल्लत होते. नैराश्यात मन खिन्न असते. येथे ते कोरे असते. मेंदूच्या दुखापतीनंतर खरे नैराश्यही पुष्कळदा येते, म्हणून हा फरक घरच्या घरी न ठरवता मनोविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा.

कामे येतात, क्रम लागत नाही

दुसरे काम आखणीचे. व्यापाऱ्याचा एक साधा सकाळचा वेळ घ्यावा. बँकेत धनादेश भरायचा, अकरा वाजता लिलावाला उभे राहायचे, त्याआधी हमालांना पोत्यांची जागा दाखवायची, वाटेत औषध घ्यायचे आणि बारा वाजता येणाऱ्या ट्रकची पावती तयार ठेवायची. यातील एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते सारी कामे एकाच वेळी डोक्यात धरणे, एक करताना दुसऱ्याची वेळ झाली हे आपोआप आठवणे आणि मध्येच काही आडवे आले तर क्रम बदलणे. हा भार कपाळाच्या वरच्या व बाजूच्या मेंदूवर असतो.

1991 मध्ये टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस या दोन ब्रिटिश संशोधकांनी याच गोष्टीची परीक्षा घेतली. डोक्याला मार लागलेले त्यांचे तीन रुग्ण बुद्धिमापनाच्या चाचण्यांत चांगले उतरत होते. मग त्यांना दवाखान्याबाहेर, दुकानांच्या खऱ्या रस्त्यावर सोडण्यात आले. काही किरकोळ वस्तू आणायच्या, ठराविक वेळी ठराविक जागी हजर राहायचे, थोडी माहिती मिळवून लिहायची आणि हे सारे काही साधे नियम पाळून करायचे, एवढेच त्यांना सांगितले होते. निरोगी माणसे हे सहज करत. ते रुग्ण एकेका कामात गुंतून पडले, नियम मोडून बसले, काही कामे त्यांच्याकडून राहूनच गेली.

टेबलासमोर बसवून घेतलेल्या परीक्षेत प्रश्न परीक्षक विचारतो, वेळ तो पाहतो, ‘आता पुढचे’ असेही तोच म्हणतो. म्हणजे रुग्णाच्या मेंदूचे हरवलेले काम नकळत परीक्षकच करत असतो. बाजारात तो परीक्षक नसतो. म्हणून दवाखान्यात ‘सर्व ठीक’ ठरलेला माणूस मोंढ्यात कोलमडतो. घरच्यांनी डॉक्टरांकडे जाताना ‘चिडचिड करतात’ असे मोघम सांगू नये. कोणत्या दिवशी, कोणती कामे ठरली होती, कोणती झाली, कुठे गाडे अडले, हे आठवडाभर एका वहीत लिहून न्यावे. अशी वही त्या बाजारातल्या परीक्षेचेच काम करते.

एका लेखापालाची कहाणी

तिसरे काम माणसे ओळखण्याचे आणि आपल्या हिताचा निर्णय घेण्याचे. व्यापारी घराला सर्वांत महाग पडते ते हेच. त्याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील आयोवा येथील एका रुग्णाचा आहे. पॉल एस्लिंगर आणि अँटोनिओ डमासिओ यांनी 1985 मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे नाव गुप्त ठेवून केवळ ‘ईव्हीआर’ ही अक्षरे वापरली जातात.

हा माणूस एका घरबांधणी संस्थेत हिशेब पाहत असे. संसारी, दोन मुलांचा बाप, भावंडांना आदर्श वाटावा असा. पस्तिसाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांच्या खोबण्यांवर, मेंदूच्या आवरणात वाढलेली गाठ सापडली. ती कर्करोगाची नव्हती. शस्त्रक्रियेने ती निघाली, पण तिच्याबरोबर दोन्ही बाजूंच्या पुढच्या मेंदूचा दुखावलेला भागही काढावा लागला. तो बरा झाला आणि कामावर परतला.

थोड्याच दिवसांत त्याने एका जुन्या सहकाऱ्याशी भागीदारी केली. त्या सहकाऱ्याची बाजारात पत चांगली नव्हती, आणि घरच्यांनी व मित्रांनी सावध केले होते. तरीही त्याने आपली सारी पुंजी त्यात घातली, धंदा बुडाला आणि त्याचे दिवाळे निघाले. पुढे त्याने एकामागून एक नोकऱ्या धरल्या आणि उशीर व अव्यवस्थितपणा यांमुळे गमावल्या. सतरा वर्षांचा संसार मोडला. लगेच दुसरे लग्न झाले आणि तेही दोन वर्षांत मोडले. सकाळी तयार व्हायला त्याला दोन तास लागत. बाहेर कुठे जेवावे हे ठरवताना तो एकेका उपाहारगृहाची बैठक, पदार्थ आणि व्यवस्था तोलत तासन्‌तास घालवी आणि तरीही त्याचे काही ठरत नसे.

आता त्याच्या चाचण्यांचे निकाल पाहावेत. बुद्ध्यंक सामान्यांहून बराच वर होता. स्मरणशक्ती चांगली होती. एखादा नैतिक पेच सांगून काय करावे असे विचारले, तर तो प्रौढ व विचारी माणसासारखी उत्तरे देई. एखाद्या अडचणीतून निघण्याचे चार-पाच मार्ग सुचवी, प्रत्येकाचे परिणामही सांगे. यांतला कोणता मार्ग आपण धरावा, हे मात्र त्याला उमगत नसे. अशा रुग्णाला कोणतीही समिती, कोणतेही न्यायालय, कोणताही पाहुणा तासाभराच्या बोलण्यावरून शहाणाच ठरवील.

मग त्याच्यात उणे काय होते? आयोवाच्या याच गटाने 1994 मध्ये त्यासाठी पत्त्यांचा एक खेळ रचला. व्यापाऱ्याला तो चटकन समजेल असा आहे. खोट्या नोटांचे 2000 डॉलर उसने देऊन समोर पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवतात. पहिल्या दोन गठ्ठ्यांतील प्रत्येक पानावर 100 डॉलर मिळतात, पण अधूनमधून मोठा दंड निघतो. दहा पानांचा हिशेब केला तर मिळकत 1000, दंड 1250, म्हणजे 250 चा तोटा. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत प्रत्येक पानावर 50 च मिळतात, पण दंड लहान असतो. दहा पानांत मिळकत 500, दंड 250, म्हणजे 250 चा नफा. हे खेळणाऱ्याला सांगितलेले नसते. किती पाने उचलायची तेही सांगत नाहीत. शंभर पाने झाली की खेळ थांबतो.

निरोगी माणसे सुरुवातीला मोठ्या मिळकतीकडे ओढली जातात, दोन-चार दणके बसले की हळूहळू लहान मिळकतीच्या गठ्ठ्यांवर स्थिरावतात. पुढच्या मेंदूच्या खालच्या व मधल्या भागाला इजा झालेले रुग्ण शेवटपर्यंत तोट्याच्या गठ्ठ्यांकडे परतत राहतात. 1997 च्या पुढच्या प्रयोगात तळहाताच्या घामाचे सूक्ष्म मापन केले गेले. निरोगी माणसाचा हात तोट्याच्या गठ्ठ्याकडे जाताच, ‘हा गठ्ठा वाईट’ असे त्याला शब्दांत सांगता येण्यापूर्वीच, तळहाताला घाम फुटू लागे. रुग्णांना असा घाम येतच नसे. त्यांपैकी काहींना पुढे कोणते गठ्ठे वाईट हे तोंडाने सांगता आले, आणि तरी त्यांनी तेच उचलले.

अनुभवी व्यापारी ज्याला ‘मनाने कौल दिला नाही’ म्हणतो, तो कौल असाच घडत असावा, असे डमासिओ यांचे मत आहे. पूर्वीच्या नफ्यातोट्याची शरीराने ठेवलेली खूण नव्या सौद्याच्या वेळी जागी होते, नको त्या वाटा आधीच मिटवते आणि विचाराला थोड्या वाटांमधून निवड करू देते. शास्त्रज्ञांमध्ये या स्पष्टीकरणाविषयी अजून वाद आहे. खेळातील हार मागील दंड विसरल्यामुळे होते, की पहिल्यांदा बसलेली चांगली छाप पुसता न आल्यामुळे, असे प्रश्न विचारले जातात. परंतु अशा रुग्णाला धोका शब्दांत कळतो आणि कृतीत टोचत नाही, हे निरीक्षण पक्के आहे. अनोळखी दलालाला तुरीचा ट्रक पाठवणाऱ्या शेठांनी उधारीचे धोके मुलाला अचूक का सांगितले आणि तरी सौदा का केला, याचे उत्तर येथे मिळते.

अपघाताविना आलेला बदल

अपघातानंतरचा बदल निदान एका तारखेला जोडता येतो. काही घरांत असाच बदल वर्ष-दोन वर्षांत हळूहळू येतो, आणि तेव्हा शंका अधिक उशिरा येते. पुढच्या मेंदूखाली वाढणारी आवरणाची गाठ आणि साधारणपणे पंचेचाळीस ते पासष्ट या वयात दिसणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया ही त्याची कारणे आहेत. या डिमेन्शियात स्मरणशक्ती पहिली काही वर्षे बरीच टिकते. आधी जातो तो संकोच, मग दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव. गोडाची अनावर इच्छा आणि एकच कृती पुन्हा पुन्हा करणे ही त्याची नेहमीची लक्षणे. गाठ काढता येते. त्या डिमेन्शियाला थांबवणारे औषध अद्याप नाही. म्हणूनच, आयुष्यभर काटेकोर राहिलेला माणूस पन्नाशीत पहिल्यांदा बेफिकीर झाला, तर त्याला वयाचा किंवा संगतीचा दोष देण्यापूर्वी मेंदूचे चित्र काढून घ्यावे.

त्या चित्राचीही मर्यादा लक्षात ठेवावी. अपघाताच्या रात्री काढलेला सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव आणि हाडांचे फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. तंतूंना बसलेला बारीक हिसका त्यात न दिसणे शक्य असते. एमआरआयमध्ये तो अधिक दिसतो, तरी काही वेळा तेही स्वच्छ येते. चित्र स्वच्छ असून वागणे बदललेले असेल, तर वागण्याची साक्ष मोलाची मानावी आणि मेंदूविकारतज्ज्ञाबरोबर चेतामानसशास्त्रीय तपासणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचीही भेट घ्यावी.

आणखी एक अडचण अशी, की ज्या भागाने स्वतःकडे पाहायचे, तोच भाग जखमी असतो. रुग्ण ‘मला काही झालेले नाही’ असे मनापासून म्हणतो. तो लपवत नसतो. म्हणून डॉक्टरांनी त्याच्याशी बोलल्यावर पत्नीशी किंवा मुलाशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक असते, आणि घरच्यांनी त्यासाठी वेळ मागून घ्यावा.

लगाम बाहेरून

दुखापतीनंतरची सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे एक-दोन वर्षे संथपणे चालू राहते. गेलेला लगाम परत आणणारी गोळी नाही. चिडचिड, झटके किंवा नैराश्य यांवर औषधे असतात, ती डॉक्टरांनी ठरवायची. दारू अशा मेंदूला फार जड जाते. खरा आधार असतो तो आतून हरवलेले काम बाहेरून पुरवण्याचा.

या विषयातील एक जुनी हकीकत त्याचीच साक्ष देते. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतील कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कपाळाच्या वरून बाहेर पडली. तो जगला. पूर्वी चतुर आणि व्यवहारदक्ष समजला जाणारा हा माणूस उद्धट व चंचल झाला. डॉक्टर हार्लो यांनी नोंदले आहे, की काही खड्यांसाठी हजार डॉलर देऊ केले तरी तो ते विकायला तयार नसे. मालकांनी त्याला पुन्हा मुकादमी दिली नाही. ही कथा बहुधा येथेच संपवली जाते. पुढे गेज चिली देशात गेला आणि तेथे अनेक वर्षे घोडागाडी हाकण्याचे काम करत राहिला. रोज तीच वाट, तीच वेळ, तेच घोडे आणि उतारूंशी तेच ठरलेले वागणे. बाहेरच्या या बांधीव दिनक्रमाने त्याला सावरले असावे, असे त्याच्या चरित्राचे अभ्यासक मानतात. 1860 मध्ये, झटके सुरू झाल्यानंतर, त्याचे निधन झाले.

आडतीच्या दुकानातही अशी वाट आखता येते. शेठांना दुकानातून काढून घरी बसवले, तर उरलेला क्रमही मोडतो. त्यांना एक वेळेला एक काम द्यावे: सकाळी वजनाच्या नोंदी, दुपारी रोजमेळ तपासणे, जुन्या ग्राहकांची विचारपूस. आकडे त्यांचे शाबूत आहेत, ते वापरू द्यावेत. दिवसाची कामे मोठ्या अक्षरांत फळ्यावर वेळेसह लिहावीत, आणि झालेले काम त्यांनीच खोडावे. मोबाइलचा गजर परीक्षकाची जागा घेऊ शकतो. चारचौघांत घसरलेल्या शब्दाबद्दल रात्री प्रवचन देऊन उपयोग होत नाही. त्याच क्षणी, ठरलेल्या एका शब्दाने किंवा खांद्यावर हात ठेवून थांबवावे. गर्दी, भूक आणि थकवा यांत लगाम अधिक सुटतो, म्हणून लिलावाच्या वेळी त्यांना पुढे उभे करू नये.

नवा सौदा, उधारी आणि भागीदारी यांना मात्र कुलूप हवे. बँकेत खाते दोन सह्यांनी चालवण्याची सूचना देता येते. धनादेशपुस्तक आणि मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा यांचाही विचार करावा. कायद्याची बाजू येथे नाजूक आहे. भागीदारी अधिनियम 1932 नुसार भागीदाराने पेढीच्या नेहमीच्या व्यवहारात केलेला सौदा पेढीला बांधतो. आपसांत त्याचे अधिकार कमी केले, तरी समोरच्या व्यापाऱ्याला ते माहीत नसेल तर सुटका नाही. म्हणून नेहमीच्या दलालांना आणि गिरण्यांना ‘यापुढील सौदे दोन सह्यांनीच होतील’ असे लेखी कळवावे. त्यात आजाराचा उल्लेख करण्याची गरज नाही.

झालेला सौदा रद्द करणे त्याहून कठीण. करार अधिनियम 1872 चे कलम 12 करार करणाऱ्याकडून दोन गोष्टी मागते : करार समजणे, आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याविषयी विवेकाने निर्णय करता येणे. पहिली गोष्ट या माणसाजवळ पूर्ण आहे; तुटली आहे ती दुसरी. शुद्ध बोलणाऱ्या, भाव तोंडपाठ असणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सिद्ध करण्याचा भार घरच्यांवर येतो. त्या वेळी अपघातानंतरची कागदपत्रे, चाचण्यांचे अहवाल आणि ती साधी वहीच उपयोगी पडते. दीर्घकाळ गरज राहिली, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात पालक रुग्णाला बाजूला सारत नाही, त्याच्यासह निर्णय घेतो. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

या साऱ्यात सर्वांत जास्त थकते ती पत्नी. बाहेरच्यांना तिचा नवरा बरा दिसतो, म्हणून तिची तक्रार कोणाला पटत नाही. मेंदू दुखावलेल्या माणसाची देखभाल करणाऱ्यांना शारीरिक अपंगत्वापेक्षा असा वागण्यातील बदल अधिक जड जातो, असे या क्षेत्रातील डॉक्टर वारंवार नोंदवतात. मोठ्या भावाने किंवा काकांनी आठवड्यातले दोन दिवस दुकानाची आणि शेठांची जबाबदारी घेतली, तर तिला श्वास घेता येतो.

सहा महिन्यांनी तोच व्यापारी पुन्हा मोंढ्यात बसलेला असतो. परगावचा दलाल येतो, मोठा भाव बोलतो, शेठ लगेच ‘ठरले’ म्हणतात आणि पावतीवर सही करतात. मुनीम पावती हातात घेऊन शांतपणे म्हणतो, ‘शेठ, दुसरी सही बाकी आहे. धाकटे शेठ चारला येतील.’ दलाल चारपर्यंत थांबत नाही.